तीळ गेला, चष्मा बदलला

मावशीने विक्रेत्याला पाठवलेला पहिला मेल असा होता : 'चित्र अजिबात आवडलं नाही. ही मी वाटतच नाही. शिवाय सगळं अंधुक आलंय. पैसे परत करा.' उत्तर लगेच आलं : 'मॅडम, कार्टून हे कार्टून असतं, फोटोसारखं हुबेहूब येत नाही. कस्टमाइज्ड वस्तू परत घेतली जात नाही. पुढच्या ऑर्डरवर 30 टक्क्यांचं कूपन देतो.'

तक्रार शंभर टक्के खरी होती. पण तिच्यातला प्रत्येक शब्द मावशीला काय वाटलं याबद्दलचा होता. चित्रात नेमकं काय चुकलंय, हे त्यात कुठेच नव्हतं. 'आवडलं नाही' याला 'आम्हाला आवडलं' असं उत्तर देता येतं आणि 'मी वाटत नाही' याला 'कार्टून असंच असतं' असं. ऑनलाइन कार्टून पोर्ट्रेट मागवणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. म्हणून मावशीचा दुसरा मेल कसा तयार झाला, ते इथे सविस्तर सांगतो.

ऑर्डर साधी होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी मावशी आणि काका स्कूटरवर बसलेले, खाली दोघांची नावं आणि लग्नाची तारीख. माप 12 बाय 18 इंच, सनबोर्डवर चिकटवलेलं मॅट प्रिंट, किंमत 2,499 रुपये. विक्रेत्याच्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या होत्या : चित्र फोटोवरून हाताने काढलं जाईल, छापण्याआधी नमुना दाखवला जाईल आणि छपाई 300 डीपीआयची असेल. मावशीने मोबाइलमधला मूळ फोटो थेट त्या पानावर अपलोड केला होता. नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तेव्हा तिने तिथेच लिहिलं होतं, 'डाव्या भुवईवरचा तीळ राहिला. माझा चष्मा चौकोनी आहे, गोल नको.' त्यावर अंगठा आला. दुसरा नमुना आलाच नाही, थेट पार्सल आलं. त्यात तीळ नव्हता आणि चष्मा गोलच होता.

आधी चेहऱ्याचं बघू, कारण तिथलं भांडण जास्त नाजूक असतं.

कार्टूनमध्ये डोकं मोठं आणि धड लहान असतं, डोळे टपोरे असतात, रेषा जाड असतात. ही शैली झाली आणि ती आपणच निवडलेली असते. तिच्याबद्दल तक्रार करता येत नाही. पण शैली वेगळी आणि साम्य वेगळं. अर्कचित्र काढणारा चेहरा बदलतो हे खरं, पण तो एका ठरावीक दिशेने बदलतो. ज्या गोष्टीमुळे तुम्ही चारचौघांत वेगळे दिसता, तीच तो ताणतो. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांत इंदिरा गांधींचं नाक खऱ्यापेक्षा कितीतरी लांब असे, आणि तरी खाली नाव लिहावं लागत नसे. खरं तर त्या लांब नाकामुळेच लागत नसे.

या गोष्टीची रीतसर तपासणीही झाली आहे. सुसान ब्रेनन यांनी 1980च्या दशकात संगणकावर अर्कचित्र काढणारा प्रोग्रॅम तयार केला. एखाद्या चेहऱ्याची सरासरी चेहऱ्याशी तुलना करायची आणि जिथे फरक दिसेल तिथे तो वाढवायचा, एवढंच त्याचं काम. पुढे 1987 साली जिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुसान कॅरी यांनी ओळखीच्या माणसांची तीन प्रकारची रेखाचित्रं लोकांना दाखवली. एका प्रकारात फरक वाढवलेले होते, दुसऱ्यात चेहरा जसाच्या तसा होता आणि तिसऱ्यात फरक कमी करून चेहरा सरासरीकडे सरकवलेला होता. फरक वाढवलेली चित्रं लोकांनी सगळ्यांत लवकर ओळखली. सरासरीकडे नेलेली चित्रं ओळखायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

मावशीच्या चित्राचा दोष नेमका या तिसऱ्या प्रकारचा होता. तिचं कपाळ रुंद आहे, वरचा एक दात किंचित पुढे आहे, भुवईवर तीळ आहे, रंग सावळा आहे, चष्मा काळ्या जाड फ्रेमचा आणि चौकोनी आहे. चित्रातल्या बाईचं कपाळ मध्यम, दात एका ओळीत, तीळ गायब, रंग गव्हाळ आणि चष्मा गोल. अतिशयोक्ती कुठेच केलेली नव्हती. तिच्या चेहऱ्यातलं जे जे तिचं होतं, ते काढून टाकलं होतं. तयार साच्यातला चेहरा घेऊन केस आणि साडीचा रंग बदलला की असंच होतं. 'कार्टून आहे, थोडा बदल होणारच' हे उत्तर इथे लागू पडत नाही, कारण कार्टूनमध्ये बदल याच्या उलट दिशेने व्हायला हवा.

रंगाबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे. ऑर्डर देणारी बाई सावळी असली की चित्रात तिला दोन-तीन छटा उजळ करून पाठवायची एक सवयच या धंद्यात दिसते. कुणी तक्रार केली तर 'स्क्रीनवर आणि कागदावर रंग वेगळा दिसतो' असं सांगितलं जातं. हे कधीकधी खरंही असतं, म्हणून ते तपासून घ्यावं. तपासणी सोपी आहे. चित्रातल्या बाकीच्या रंगांकडे पाहा. मावशीच्या साडीचा मरून रंग बरोबर आला होता, स्कूटरचा निळा बरोबर होता, काकांचा सदरा पांढराशुभ्र होता. छपाईमुळे रंग उजळले असते तर ते सगळेच उजळले असते. एकट्या त्वचेचा रंग बदलला, म्हणजे तो काढणाऱ्याने बदलला. एखाद्या बाईने न मागता तिला गोरं करून देणं ही माझ्या मते सेवा नाही, अपमान आहे, आणि तक्रारीत ते संकोच न करता लिहावं.

आता अंधुकपणा. इथे भावनेचा प्रश्नच नाही, कारण ही गोष्ट मोजता येते.

छापील चित्र अस्पष्ट दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. मशीनमध्ये रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत, तर रेषेच्या एका बाजूला लाल किंवा निळी सावली दिसते आणि ती चित्रभर, अक्षरांनासुद्धा दिसते. इंकजेटचं हेड तुंबलं असेल तर ठरावीक अंतरावर बारीक आडव्या रेघा उमटतात. फाइलच लहान असेल आणि ती ताणून मोठी केली असेल, तर कडा मऊ पडतात किंवा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात आणि काळ्या रेषेभोवती राखाडी मळ साचल्यासारखं दिसतं. हा मळ जेपीईजी फाइल आकुंचित केल्यामुळे येतो. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला तपशील कमी करतं. फोटोतल्या आभाळात किंवा गालावर ते लपून जातं, पण पांढऱ्याला लागून काळी ठळक रेघ असली की तिच्याभोवती ते उघडं पडतं. कार्टून म्हणजे तर सगळा ठळक रेघांचाच कारभार. त्यामुळे फोटोपेक्षा कार्टूनमध्ये हा दोष जास्त डोळ्यांवर येतो.

मावशीच्या प्रिंटवर चेहऱ्याच्या रेषा मऊ होत्या आणि त्यांच्याभोवती तो राखाडी मळ होता. मात्र खालची नावं आणि तारीख अगदी कोरीव उमटली होती. तक्रारीतला सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच होता. एकाच कागदावर, एकाच मशीनमधून अक्षरं स्वच्छ आली, म्हणजे मशीन ठीक होतं. छापताना अक्षरं वेगळी बसवली होती आणि वर चिकटवलेलं चित्र लहान होतं.

किती लहान, याचा अंदाज बांधता येतो. पानावर 300 डीपीआय लिहिलं होतं, म्हणजे एका इंचात 300 ठिपक्यांचा तपशील. 12 बाय 18 इंचांसाठी चित्राची फाइल 3600 बाय 5400 पिक्सेलची हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नमुना फोनच्या गॅलरीत उघडून तपशील पाहिला, तर तो 1067 बाय 1600 होता. व्हॉट्सअ‍ॅप साध्या रीतीने पाठवलेलं चित्र लहान करतं, त्यामुळे यात नवल काही नाही. पण तीच फाइल 18 इंचांवर ताणली तर एका इंचाला 89 पिक्सेल येतात. कबूल केलेल्या 300च्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही हे कमी. छापताना तीच फाइल वापरली गेली का, हे आपल्याला घरी बसून सांगता येत नाही. म्हणून तसा आरोप करू नये. प्रश्न विचारावा : 'छपाईसाठी वापरलेल्या फाइलचं पिक्सेलमधलं माप कळवा.' या प्रश्नाचं उत्तर विक्रेत्याच्या संगणकावर काही सेकंदांत मिळतं. उत्तर येवो वा न येवो, दोन्ही आपल्या उपयोगाचं असतं.

300 हा आकडा दगडावरची रेघ नाही, हेही सांगायला हवं. हातभर अंतरावरून पाहायच्या चित्राला तो लागतो. भिंतीवर उंच लावलेलं चित्र दोन-तीन पावलांवरून 150वरही छान दिसतं. 'जरा लांबून बघा ना' हे विक्रेत्याचं उत्तर म्हणून अगदीच खोटं नसतं. त्याला आपलं उत्तर एवढंच : तुम्ही 300 लिहून पैसे घेतलेत.

अंधुकपणाचा पुरावा द्यायचा म्हणजे फोटो काढावा लागतो आणि घोळ इथेच होतो. अंधुक चित्राचा फोटो पाठवला की समोरचा म्हणतो, तुमचाच कॅमेरा हलला. त्यावर उपाय सोपा आहे. प्रिंट खिडकीजवळ सपाट ठेवायचं, फ्लॅश बंद करायचा आणि चेहऱ्याच्या शेजारी कागदावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. फोन वीतभर वर धरून चेहऱ्याच्या रेषेवर बोट टेकवून फोकस करायचा. फोटोत नाण्यावरची अक्षरं स्पष्ट दिसली आणि त्याच्या बाजूची भुवई मऊ दिसली, तर कॅमेऱ्याचा प्रश्न मिटतो. नाण्यामुळे मापही कळतं. मावशीचा असा एक फोटो काढला, दुसरा तसाच खालच्या अक्षरांचा काढला, आणि तिसऱ्यात मूळ फोटो व चित्र शेजारी ठेवून तीळ, चष्मा आणि दात या तीन जागांवर गोल केले. सोबत विक्रेत्याच्या पानाचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट. हे सगळं मेललाच जोडलं, कारण व्हॉट्सअ‍ॅपने ते फोटोही बारीक केले असते.

मग मेल लिहिला. विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक, आणि पुढे 'चेहरा चुकीचा, छपाई अस्पष्ट : दुरुस्त प्रिंटची मागणी'. मजकूर असा :

'नमस्कार. वरील क्रमांकाची 12 बाय 18 इंचांची ऑर्डर मला मिळाली. तिची किंमत 2,499 रुपये मी पूर्ण भरली आहे. प्रिंटमध्ये दोन दोष आहेत.

पहिला दोष चेहऱ्यात. नमुना आला तेव्हा तीळ आणि चौकोनी चष्मा या दोन दुरुस्त्या मी लेखी कळवल्या होत्या आणि तुम्ही त्या स्वीकारल्या होत्या. स्क्रीनशॉट जोडला आहे. प्रिंटमध्ये दोन्ही नाहीत. शिवाय माझा दात सरळ केला आहे आणि रंग उजळ केला आहे. मी हे मागितलं नव्हतं. कार्टूनच्या शैलीबद्दल माझी तक्रार नाही. काकांचा चेहरा त्याच शैलीत आहे आणि तो ओळखू येतो.

दुसरा दोष छपाईत. नावं आणि तारीख स्पष्ट आहेत, पण चित्राच्या रेषा अस्पष्ट आहेत आणि त्यांच्याभोवती राखाडी डाग आहेत. नाण्यासह काढलेले फोटो जोडले आहेत. तुमच्या पानावर 300 डीपीआय लिहिलं आहे. छपाईसाठी वापरलेल्या फाइलचं पिक्सेलमधलं माप कृपया कळवा.

या चार गोष्टी दुरुस्त करून नवा नमुना पाठवावा, आणि माझ्या लेखी होकारानंतर मूळ मापाच्या फाइलवरून विनामूल्य पुन्हा छापून द्यावं. हे सात दिवसांत शक्य नसेल, तर पूर्ण रक्कम परत करावी. कूपन मला नको. सदोष प्रिंट माझ्याकडे पॅकिंगसह ठेवलं आहे, ते तुमच्या खर्चाने घेऊन जावं.'

यातलं काकांबद्दलचं वाक्य मावशीनेच सुचवलं आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. 'कार्टून असंच असतं' या उत्तराची वाट त्याने आधीच बंद होते. मागणीही विचार करून ठरवली होती. चित्र मोठ्या फाइलमध्ये काढलेलं असेल, तर चार दुरुस्त्या आणि नवं प्रिंट यांचा खर्च विक्रेत्याला पूर्ण परताव्यापेक्षा बराच कमी पडतो. आपल्याला चित्र हवंच असेल तर तो सोपा रस्ता त्याच्यासमोर आधी ठेवावा. कार्यक्रमाची तारीख टळून गेली असेल आणि चित्राचा उपयोगच उरला नसेल, तर मात्र सरळ परतावा मागावा.

मावशीने नमुन्याला नुसतं 'ओके' लिहिलं असतं तर? चेहऱ्याची तक्रार कमजोर पडली असती, हे मान्य करावं लागेल. चष्मा गोल आहे हे तिने पाहून मान्य केलं, असं विक्रेता म्हणू शकला असता. पण छपाईची तक्रार तेवढीच भक्कम राहिली असती. हातभर मोबाइलवर 1600 पिक्सेलचं चित्र लखलखीत दिसतं. ते 18 इंचांवर कसं उतरेल हे ग्राहकाला त्यात दिसत नाही, आणि जे दिसलंच नाही त्याला त्याने होकार दिला असं म्हणता येत नाही.

'कस्टमाइज्ड वस्तू परत नाही' या ओळीला लोक फार लवकर शरण जातात. मन बदललं म्हणून वस्तू परत करायची असेल, तर ती ओळ रास्त आहे. दोष असेल तर नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 मध्ये लागू झाले. त्यांनुसार वस्तू सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वा ठरल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावं लागतं. तेवढ्याने काम झालं नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठल्याही गावचा असला तरी 2019च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. पहिल्याच मेलमध्ये कायद्याची कलमं मात्र घालू नयेत. छोट्या विक्रेत्याला ती धमकी वाटते आणि तो उत्तर देणंच थांबवतो. ती दुसऱ्या मेलसाठी राखून ठेवावीत.

मावशीला ती वापरावी लागली नाहीत. आधी पुन्हा एकदा कूपन आलं, या वेळी 50 टक्क्यांचं. तिने दोन ओळींत नकार कळवला आणि पिक्सेलचा प्रश्न परत विचारला. मापाचा आकडा शेवटपर्यंत कळवला गेला नाही, पण नवा नमुना आला. त्यात तीळ होता, चौकोनी चष्मा होता, दात होता. रंग अजून उजळच होता. तिने तो पुन्हा बदलायला लावला आणि मगच होकार लिहिला. नवीन प्रिंटवर नाणं ठेवून पाहिलं, तर भुवईची रेघ नाण्यावरच्या अक्षरांइतकीच स्वच्छ होती.

हा व्यवसाय करणाऱ्यांना एक विनंती आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण चित्राचा नमुना पाठवता तेव्हा त्यासोबत छपाईच्या मूळ फाइलमधला फक्त चेहऱ्याचा भाग, लहान न करता, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ग्राहकाला चेहरा आणि छपाई दोन्ही तिथेच तपासता येईल, आणि त्यावर आलेला होकार तुमच्यासाठीही पक्का असेल.